प्रतिसाद: बेरीज नको, जोडी बघा

> प्रकल्पातल्या प्रत्येक स्टेकहोल्डरच्या, म्हणजे हितसंबंध असलेल्या व्यक्तीच्या, पॉवर, लेजिटिमसी, अर्जन्सीला ३ पैकी गुण देऊन बेरीज केली, तर रजिस्टरमध्ये निम्मे लोक ५-६ वरच येतात. काय चुकतंय?

बेरीजच चुकतेय. कोणत्या स्टेकहोल्डरकडे आधी लक्ष द्यायचं, हे सांगणाऱ्या मिचेल, एगल आणि वुड यांच्या १९९७ च्या मांडणीत गुण नाहीत. सत्ता, रास्त हक्क आणि घाई यांपैकी प्रत्येक गुणधर्म आहे की नाही, आणि कोणते एकत्र आलेत, एवढंच बघायचं.

आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायची होती, दीड महिना बंद. चौथ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या आजी: हक्क रास्त, घाई खरी, सत्ता शून्य. म्हणजे ‘अवलंबित’. तळमजल्याचा दुकानदार: कामगारांची वाट अडवू शकतो, घाईही आहे, पण मागणी गैरवाजवी. म्हणजे ‘धोकादायक’. दोघांकडे दोनच गुणधर्म, बेरीज सारखी. पण आजींची सोय करायची असते आणि दुकानदाराचा बंदोबस्त.

मग आजींच्या मुलाने कमिटीतल्या तिघांना आपल्या बाजूने वळवलं. सत्ता उसनी मिळाली आणि आजी एका रात्रीत ‘निर्णायक’! आमच्या रजिस्टरमध्ये मात्र महिनाभर जुनीच नोंद.

म्हणून प्रत्येक ‘हो’पुढे पुरावा आणि तारीख लिहा, शिवाय ‘उरलेला गुणधर्म कुणाकडून मिळू शकतो?’ हा रकाना ठेवा. आमच्याकडे तोच नव्हता.