मदत हवी आहे: पोटॅशियम 9.6 आणि पेशंट ठणठणीत. तक्त्यात कुठे बसवू?

प्राजू_डीएमएलटी
नमस्कार मंडळी. डीएमएलटी करतेय. बायोकेमिस्ट्रीच्या व्हायवासाठी एका पानाचा तक्ता बनवायला घेतलाय: तपासणी, नॉर्मल रेंज, वाढलं तर काय, घटलं तर काय. साखर, युरिया, बिलिरुबिन सरळ झालं. गाडी पोटॅशियमवर अडकली.

माझी ओळ अशी आहे: पोटॅशियम 3.5 ते 5.1. वाढलं तर किडनी निकामी. घटलं तर जुलाब, उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. त्याखाली कॅल्शियम 8.5 ते 10.5. घटलं तर किडनी, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड.

पोस्टिंगला एक सॅम्पल आलं. पोटॅशियम 9.6, कॅल्शियम 3.1, सोडियम 138, क्रिएटिनिन 0.8, अल्कलाइन फॉस्फटेज 11. तक्त्याप्रमाणे दोन्ही बोटं किडनीकडे. पण पेशंट बाहेर बाकावर बसून फोनवर कुणाशी तरी भांडत होते! सरांनी रिपोर्ट अडवला, नवीन सॅम्पल मागवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "अल्कलाइन फॉस्फटेज बघ आणि डोकं चालव." चालवून झालं. कुणी सांगेल का?

सुईदोरा
सोप्पं आहे, हिमोलिसिस. लाल पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. बारीक सुईने जोरात ओढलं किंवा ट्यूब खळाखळा हलवली की पेशी फुटतात आणि सगळं सिरममध्ये उतरतं. आमच्याकडे पोटॅशियम वाढलेलं दिसलं की आधी हेच.

प्राजू_डीएमएलटी
सिरम स्वच्छ पिवळं होतं हो. मी स्वतः ट्यूब उजेडात धरून पाहिली.

जुना_खेळाडू
सुईदोरा, नियम बरोबर पण इथे लागू नाही. हिमोलिसिसने 4 चं 9.6 व्हायचं तर सिरम लालभडक दिसलं असतं. आणि त्याने कॅल्शियम 3 वर येत नाही.

प्राजू, लाल ट्यूबमध्ये जांभळ्या ट्यूबचं रक्त मिसळलंय. जांभळीत जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचं मीठ असतं, म्हणून पोटॅशियम ट्यूबमधूनच आलं. सोडियम हललं नाही ते याचमुळे. ईडीटीएचं कामच कॅल्शियम धरून ठेवायचं, रक्त गोठू नये म्हणून. धरलेलं कॅल्शियम आपल्या रिएजंटच्या हाती लागत नाही, म्हणून 3.1. आता सरांचा इशारा: अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए तेही पळवतं. एन्झाइम जागेवर आहे पण लुळं पडलंय, म्हणून 11.

किडनी का नाही? एक तर क्रिएटिनिन 0.8 आहे. दुसरं, किडनीच्या जुन्या दुखण्यात हाडांवर परिणाम होतो, तेव्हा अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल तरी असतं नाहीतर वाढतं. तळाला जात नाही. पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली ही जोडी किडनीतही दिसते, तिसरा आकडा फसवू देत नाही. शिवाय खरंच 3.1 कॅल्शियम असतं तर माणसाचे हात वाकडे होऊन झटके आले असते. फोनवर भांडण जमलं नसतं.

प्राजू_डीएमएलटी
अरे वा! रिपीट आलं: पोटॅशियम 4.3, कॅल्शियम 9.2, अल्कलाइन फॉस्फटेज 81. पण मिसळतं कसं? ट्यूब तर बंद असतात.

जुना_खेळाडू
दोन वाटा. रक्त कमी मिळालं, लाल ट्यूब अर्धीच भरली, मग कुणीतरी जांभळीतून थोडं ओतलं. किंवा सिरिंजने काढून आधी जांभळी भरली, सुई आतल्या द्रावाला लागली आणि तीच सुई लालमध्ये गेली. म्हणून क्रम पाठ असावा: कल्चरची बाटली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. कलेक्शनवाल्याला ओरडू नकोस. "सिरिंजने काढलंत का, आधी कोणती भरली?" एवढं विचार. ओरडलीस तर पुढच्या वेळी खरं सांगणार नाहीत.

रावसाहेब_नगरकर
माझ्या वडिलांचं पोटॅशियम 5.7 आलंय. बीपीला टेल्मिसार्टन चालू आहे. म्हणजे ही ट्यूबचीच चूक ना? गोळी बंद करून बघू का?

जुना_खेळाडू
रावसाहेब, अजिबात नको. ती गोळी स्वतःच पोटॅशियम वाढवू शकते, त्यामुळे 5.7 खरंही असेल. रिपोर्ट आजच डॉक्टरांना दाखवा, ते पुन्हा तपासून ठरवतील. हा धागा तपासणाऱ्यांचा आहे, औषधं बदलायचा नाही.

तालुका_कलेक्शन
मी जरा वेगळं सांगतो. आमच्याकडून संध्याकाळी घेतलेली सॅम्पलं सकाळच्या गाडीने शहरात जातात. पूर्वी सेंट्रिफ्यूज नव्हतं, तशीच फ्रिजमध्ये ठेवायचो. पोटॅशियम 6 च्या वर यायचं. सिरम स्वच्छ, कॅल्शियम नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल. पेशीतलं पोटॅशियम आत ठेवणारा पंप थंडीत बंद पडतो आणि ते पेशी न फुटताच झिरपतं. म्हणजे तुमची तिन्ही आकड्यांची खूण इथे गप्प बसते. आता सिरम वेगळं करूनच पाठवतो. त्यामुळे प्राजू, आकड्याआधी वेळ आणि पाठवण्याची पद्धत विचार.

जुना_खेळाडू
मान्य. आणि ईडीटीए अगदी थेंबभर गेलं तरी तीच अडचण. पोटॅशियम 5.8, कॅल्शियम 8.4, कुणालाच शंका येत नाही. काही मोठ्या लॅब सिरममधलं ईडीटीएच मोजतात. आपण मागचे रिपोर्ट बघतो, शंका आली तर रिपीट. तरीही काही निसटत असणारच.

सुईदोरा
प्रत्येक 5.8 ला रिपीट मागितलं तर पेशंट शिव्या घालतील. आमचे पॅथॉलॉजिस्ट म्हणतात 6 च्या वरच मागा.

जुना_खेळाडू
आणि 5.8 खरं असून तुम्ही ट्यूबवर ढकललंत तर? उलटही होतं. आकडा सरसकट ठरवू नका, क्रिएटिनिन आणि औषधं बघा.

प्राजू_डीएमएलटी
पोटॅशियमची ओळ बदलली. "वाढलं तर" च्या आधी एक नवा रकाना टाकलाय, "आधी हे बघ": सिरमचा रंग, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज, सॅम्पल कधी घेतलं आणि कसं ठेवलं. त्यानंतर किडनी, बीपीच्या गोळ्या, साखर बेसुमार वाढून झालेली आम्लता.

एक राहिलं. आमच्या पुस्तकात वरची मर्यादा 5.5 आहे, मशीनच्या किटवर 5.1. व्हायवाला काय सांगू?

सुईदोरा
पुस्तकातलं. परीक्षक पुस्तकच वाचून येतात.

तालुका_कलेक्शन
मी किटवरचं सांगेन आणि किटवरचं आहे हेही सांगेन. रिपोर्टवर तीच रेंज छापली जाते.

जुना_खेळाडू
दोन्ही लिही, कोणती कुठली ते लिही. आणि करड्या ट्यूबचं लेबल नीट वाच. काहींत फ्लोराइडबरोबर पोटॅशियम ऑक्झलेट असतं, काहींत सोडियमचं ईडीटीए. तिच्यातलं रक्त लालमध्ये गेलं तर सोडियम आणि पोटॅशियममधलं नक्की कोण वाढेल, ते तुझ्या लॅबमधल्या ट्यूबवरून सांग बघू.