शब्दचर्चा: ‘बरें झालें देवा, निघालें दिवाळें’ यातले ‘बरें’ कोणते?

पांथस्थ:
तुकोबांच्या या अभंगात जवळपास प्रत्येक ओळीत ‘बरें’ येते: दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने पीडा केली ती बरी, बायको कर्कशा मिळाली तेही बरे. हे ‘बरें’ समाधानाचे समजायचे, की ‘बरी फजिती झाली’ असे आपण म्हणतो त्यातले? ते उपरोधाचे मानले, तर शरणागतीचा भाव उणा पडतो का?

भीमातीर:
माझ्या मते हा सरळसरळ उपरोध आहे. ज्याचे सगळे गेले तो मनापासून ‘बरे झाले’ म्हणणे शक्य नाही. स्तुतीच्या आवरणाखाली देवाला दिलेला हा टोला आहे आणि शरणागतीचा अर्थ कीर्तनकारांनी मागाहून चिकटवला आहे.

रानजाई:
गंभीर कवितेत विनोद म्हटला की केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. त्यांचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही?

ओवीकर:
रानजाई, ते विडंबन झाले. तिथे कवी दुसऱ्याच्या कवितेकडे पाहून हसतो. इथे तो स्वतःच्याच दुर्दशेकडे पाहतो आहे, त्यामुळे प्रश्न वेगळा आहे.

भीमातीर, तुमचे निम्मे म्हणणे मला पटते. टोला आहेच, पण शरणागती मागाहून चिकटवलेली नाही, कारण दुसऱ्याच ओळीत ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’ असे कारण कवीने स्वतःच दिले आहे. हे कारण खरे असल्यामुळे ‘बरें’ पोकळ ठरत नाही, आणि ‘पीडा’ हा शब्द न लपवता जागच्या जागी ठेवल्यामुळे ते गुळचटही होत नाही. रचनाही पाहावी. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण ‘बरें’, ‘दिवाळें’, ‘दुष्काळें’ करत यमकाच्या ठेक्यात पुढे जातात आणि चौथा चरण चारच अक्षरांत ‘पीडा केली’ म्हणून थांबतो. हसू ठेक्यात आहे, दुःख त्या आखूड चरणात.

१६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळाबद्दल तुकोबा दुसऱ्या एका अभंगात ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे उघड सांगतात. तिथे उपरोधाचा लवलेश नाही. तिसरीकडे मात्र ‘बाईल मेली मुक्त झाली, देवें माया सोडविली’ असे आठ-नऊ अक्षरांच्या, जवळजवळ बडबडगीताच्या चालीत म्हणतात. ‘अन्न अन्न’ ठाऊक असलेल्या वाचकाला ही हलकी चाल ऐकताना हसू फुटत नाही, अंगावर काटा येतो. पण हे वजन दुसऱ्या अभंगातून येते, हेही मान्य केले पाहिजे. एकटी वाचली तर ही ओळ कोरडी वाटू शकते.

मीनल:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आई गेल्यावर लिहिलेल्या कवितेत मी ‘यमालासुद्धा ओटीपी लागला असेल’ अशी ओळ घातली होती. वाचनात लोक खळखळून हसले आणि पुढची चार कडवी कोणाच्याही कानांत शिरली नाहीत. त्याच कवितेतल्या ‘बरे झाले, औषधांचा कप्पा मोकळा झाला’ या ओळीला मात्र कोणी हसले नाही, सगळे गप्प झाले. मग विनोद टाळावा, असे समजायचे का?

ओवीकर:
टाळू नये. ओटीपी तुमच्या आईच्या आजारपणातला नाही. तो बाहेरून आणलेला आहे आणि कोणाच्याही मृत्यूच्या कवितेत बसला असता. कप्पा त्या घरातलाच आहे, आणि तो मोकळा होणे खरोखर सोयीचे आहे, म्हणूनच ते बोचते. ओळ काढून उरलेली कविता वाचून पाहावी: ओटीपी गेला तर काहीच अडत नाही, कप्पा गेला तर आईचे आजारपणच कवितेतून नाहीसे होते.

सुलभा:
एक आक्षेप नोंदवते. ‘बाईल कर्कशा’ म्हटले की कीर्तनात हमखास हशा पिकतो आणि तो त्या बाईवर असतो, बोलणाऱ्यावर नाही. इथे विनोदाने भाव तोलला, असे मला म्हणवत नाही.

ओवीकर:
हशा तिथेच थांबला, तर आक्षेप रास्त आहे. पण पुढे ‘बरें झालें तुझें केलें देवाईल, लेंकरें बाईल उपेक्षिलीं’ अशी ओळ येते. तिथे देऊळ बांधल्याचे ‘बरें’ उपेक्षिलेल्या लेकरांपर्यंत ताणले जाते आणि ते तेवढे ताणले जात नाही. ज्या बाईवर आपण हसलो तिची उपेक्षा कवी स्वतःच्या माथी घेतो. ही ओळ गाळून अभंग म्हटला, तर सुलभाताईंचे म्हणणे पूर्ण खरे ठरते.

सुलभा:
माथी घेतो, की तेही ‘बरें’च्या यादीत घालून मोकळा होतो? मला अजून दुसरेच वाटते.

पांथस्थ:
शेवटच्या ‘बरें व्रत एकादशी, केलें उपवासीं जागरण’ या ओळीचे काय? दुष्काळातल्या उपाशीपोटालाच इथे एकादशी म्हटले आहे, असे मला वाटू लागले आहे.

भीमातीर:
तसे असेल तर संपूर्ण गाथेत याहून कडवा उपरोध नसेल.

ओवीकर:
वारकऱ्याच्या घरात एकादशी खरोखरची असते, त्यामुळे सरळ अर्थही तितकाच उभा राहतो. दोहोंपैकी एक निवडा म्हटले, तर मला निवडता येणार नाही.