ईसीजीतला ‘अक्ष’ : ढळतो, कलतो की रोख बदलतो?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. बहुतेक जणी दहावीपर्यंत मराठी माध्यमातल्या आणि पुढे एकदम सगळं इंग्रजी. त्यांच्यासाठी बारा लीडचा, म्हणजे हृदयातली वीज बारा बाजूंनी टिपणारा ईसीजी कसा वाचायचा याचं मराठी टिपण लिहायला घेतलंय. रेट, रिदम, अ‍ॅक्सिस हा क्रम. रेटला ‘दर’, रिदमला ‘लय’ आणि अ‍ॅक्सिसला ‘अक्ष’ असं धरलंय. आता अडलंय ते ‘लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन’पाशी, म्हणजे हृदयातल्या विजेची एकूण दिशा नेहमीपेक्षा डावीकडे गेली की रिपोर्टवर जे छापून येतं त्यापाशी. ‘अक्ष डावीकडे ढळला’ हे वाक्य एका पेशंटच्या मुलाने ऐकलं आणि घाबरून विचारायला आला की बाबांचं हृदय जागेवरून सरकलं का. कोल्हापूरची नणंद म्हणते शब्द बरोबर आहे, पृथ्वीचासुद्धा अक्षच कलतो. तुम्ही काय लिहाल?

टाकदौत
‘ढळणे’ नकोच. ढळतो तो तोल, ढळतो तो धीर, त्यात पडझड आली. ‘अक्षविचलन’ हा पारिभाषिक शब्द असताना शोधाशोध कशाला? मुली शिकतील. आम्ही शहापूरच्या शाळेत ‘लंबवर्तुळ’ शिकवलं, कुणी घाबरून घरी गेलं नाही.

बाजारपेठ
सर, लंबवर्तुळाचा रिपोर्ट कुणाच्या बाबांच्या हातात देत नाहीत की ओ.
आमच्या आजोळी बैलगाडीच्या कण्याला ‘आस’ म्हणायचे, कानडीत त्यालाच ‘अच्चु’. आस मोडला तर गाडी बसते. म्हणजे अक्ष म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

ठेका तीनताल
अक्ष राहू दे, आधी ‘लय’ बघा. रिदमला लय कशी म्हणाल? गाण्याबजावण्यात लय म्हणजे वेग. विलंबित, मध्य, द्रुत. म्हणजे तुमचा रेट ती लय, आणि रिदम तो ताल. कुमार गंधर्वांच्या जिल्ह्यात बसून ही चूक करू नये! सुळेभावी काय लांब नाही.

जुना फिजिशियन
गंमत बघा. कुमार सुळेभावीत जन्मले ते १९२४ साली, आणि ईसीजीवरच्या कामासाठी आइंटहोवनना नोबेल मिळालं तेही १९२४ चंच.
तबलजींचं म्हणणं मला पटतं. रिदम बघताना आम्ही वेग बघतच नाही. एका क्यूआरएसपासून, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या टोकदार लाटेपासून, पुढच्यापर्यंतची अंतरं सारखी आहेत का, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी, म्हणजे वरच्या कप्प्यांची छोटी लाट, आहे का, पी ते क्यूआरएस हे अंतर दर वेळी तेवढंच आहे का, आणि लीड टूमध्ये पी वर उठलेली आहे का. थोडक्यात ताल कोण धरतोय. सायनस नोडने, म्हणजे हृदयाचे ठोके एरवी जिथून सुरू होतात त्या जागेने, धरला असेल तर सायनस रिदम, मग वेग ५० असो की ११०. लय शब्द दिला की मुली रिदमच्या रकान्यात आकडा लिहून मोकळ्या होतात.

सेल्स बॅग
रेटचं सोपं आहे मॅडम. दोन क्यूआरएसमधली कागदावरची मोठी घरं मोजा, ३०० ला भागा, विषय संपला. आणि अ‍ॅक्सिसला दोन लीड पुरतात. लीड वनमध्ये क्यूआरएस जास्त वर आणि एव्हीएफमध्ये, म्हणजे पायाच्या बाजूने बघणाऱ्या लीडमध्ये, जास्त खाली म्हणजे लेफ्ट अ‍ॅक्सिस. डॉक्टरांकडे बसून बसून हे पाठ झालंय.

जुना फिजिशियन
दोन्ही अर्धं बरोबर. ३०० चा हिशेब ठोके नियमित असतील तरच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरत असतात तेव्हा, एक अंतर दोन घरांचं आणि पुढचं पाच घरांचं येतं. कुठलं धराल? तिथे खालची लांब पट्टी घ्यायची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावत असेल तर नेहमीच्या पानावर दहा सेकंदांची नोंद असते. तेवढ्यातले क्यूआरएस मोजून सहाने गुणायचं. कागदाचा वेग ५० वर ठेवला असेल तर दोन्ही हिशेब फसतात, म्हणून आधी कागदाच्या कडेला छापलेला वेग वाचायचा.
अ‍ॅक्सिसचं तुमचं सूत्र मात्र नॉर्मल माणसांनाही आजारी ठरवेल. नॉर्मल पट्टा उणे ३० ते अधिक ९० अंश. लीड वन वर आणि एव्हीएफ खाली याचा अर्थ विजेचा रोख शून्याच्या, म्हणजे सरळ डावीकडच्या आडव्या रेषेच्या, वर गेलाय, एवढाच. शून्य ते उणे ३० हा तुकडा नॉर्मलमध्येच मोडतो. तो वेगळा काढायला लीड टू लागते. टू वर असेल तर नॉर्मल, टू खाली असेल तर खरं लेफ्ट डेव्हिएशन.

सेल्स बॅग
टूच का? थ्री का नाही?

जुना फिजिशियन
कारण उणे ३० ची दिशा लीड टूला बरोबर काटकोनात येते. काटकोनातल्या रोखाने त्या लीडमध्ये जेवढं वर तेवढंच खाली उमटतं, बेरीज शून्य. रोख तिथून आणखी वर सरकला की टू उलटी पडते. थ्री तर त्याच्या कितीतरी आधी, अधिक ३० लाच उलटते. तिच्यावर विसंबलात तर अर्धं गाव लेफ्ट अ‍ॅक्सिसचं निघेल.

मलप्रभाकाठ
डॉक्टर, माझ्याकडे एक पट्टी आहे, नाव-गाव झाकलेली. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखत नाही, डोळ्याच्या ऑपरेशनआधी काढलेला ईसीजी. वेग २५. दोन क्यूआरएसमध्ये चार मोठी घरं, सगळीकडे सारखी. प्रत्येकाआधी पी, लीड टूमध्ये ती वर. पी ते क्यूआरएस चार लहान घरं. लीड वनमध्ये क्यूआरएस आठ लहान घरं वर, एक खाली. एव्हीएफमध्ये आधी दोन वर, मग सात खाली. लीड टूमध्ये पाच वर, साडेसहा खाली. मशीन म्हणतं उणे ४०.

जुना फिजिशियन
फार छान मोजलंत. ३०० भागिले ४, म्हणजे ७५. नियमित, पी जागेवर, अंतर चार लहान घरं म्हणजे ०.१६ सेकंद, सायनस रिदम. आता वर वजा खाली करा. वनमध्ये अधिक ७, एव्हीएफमध्ये उणे ५, टूमध्ये उणे दीड. टू शून्याच्या जवळ पण खाली, म्हणजे रोख उणे ३० च्या जेमतेम पलीकडे. मशीनचा उणे ४० याच्याशी जुळतो.
आता का, हे बघायचं. एव्हीएफमध्ये आधी छोटी वर आणि मग खोल खाली, असं तुम्ही लिहिलंत. ही आधीची छोटी वर महत्त्वाची. ती नसती, क्यूआरएस सुरूच खोल खड्ड्याने झाला असता आणि तसंच टू-थ्रीमध्ये दिसलं असतं, तर हृदयाच्या खालच्या भिंतीला पूर्वी झटका येऊन गेलाय का, ही शंका पहिली. इथे तसं दिसत नाही. डाव्या कप्प्याकडे वीज नेणाऱ्या वाटेची पुढची फांदी अडली असेल म्हणावं, तर त्यासाठी बहुतेक जण उणे ४५ च्या पलीकडे मागतात. एव्हीएल या डाव्या हाताच्या लीडमध्ये आधी छोटा खड्डा आणि मग उंच वर आहे का बघा. नुसत्या उणे ४० वर मी नाव देणार नाही. जुना ईसीजी शोधायला सांगेन.

वडगाव गल्ली
माझ्या वडिलांच्या रिपोर्टवर पण हेच लेफ्ट अ‍ॅक्सिस छापून आलंय. वय ७१, वजन चांगलंच आहे. अँजिओग्राफी करावी लागेल काय ओ? घरात सगळी घाबरलेत. शेजारचे सांगालेत की हृदय डावीकडे मोठं झालंय.

जुना फिजिशियन
रिपोर्ट न बघता मी काही सांगणार नाही, पण एकट्या या ओळीवरून अँजिओग्राफी ठरत नाही. वजन जास्त असलं, पोट वर दाबत असलं की हृदय छातीत आडवं बसतं आणि रोख डावीकडे झुकतो. म्हणजे हृदय ‘सरकलं का’ विचारणारा तो मुलगा अगदीच चुकला नव्हता! हृदय मोठं झालं का, हे अ‍ॅक्सिसवरून ठरवू नये. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर यातलं काही असेल तर मात्र इथे लिहीत बसू नका, आजच दाखवा. नसेल तर जुना ईसीजी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. दहा वर्षांपूर्वी हेच होतं की आत्ता झालंय, याने खूप फरक पडतो.

टाकदौत
डॉक्टरसाहेब, तुम्ही सारखं ‘रोख’ म्हणताय. अक्ष म्हणजे रेषा, तिला दोन टोकं. रोख म्हणजे दिशा. हा पारिभाषिक गोंधळ नाही का?

जुना फिजिशियन
गोंधळ मूळ शब्दातच आहे सर. ईसीजीच्या अ‍ॅक्सिसभोवती काहीच फिरत नाही. खालचे दोन कप्पे आकुंचन पावण्याआधी त्यांच्यात वीज पसरते, त्या सगळ्या पसरण्याची गोळाबेरीज कुठल्या दिशेला जाते, तेवढंच मोजायचंय. त्याला बाणच हवा. बोलण्याचा रोख, वाऱ्याचा रोख, तसा विजेचा रोख.

बाजारपेठ
इथल्या दुकानात ‘रोख’ म्हटलं की उधार बंद. कानडीत पैशाला ‘रोक्क’, तेच हे. पेशंटला वाटेल बिल भरायचं राहिलंय.

टाकदौत
दिशेचा रोख फारसी ‘रुख’वरून आलेला आहे. पैशाच्या रोखीशी त्याचा काही संबंध नाही. उगाच कानडी जोडू नये.

बाजारपेठ
उगाच म्हणजे काय सर? घरात मराठी, बाजारात कानडी, आमचे शब्द दोन्हीकडचेच राहणार.

ठेका तीनताल
भांडण सीमेवर गेलं. तालाचं काय झालं?

मलप्रभाकाठ
टिपणात रिदमला सध्या ‘ताल’ लिहून कंसात प्रश्नचिन्ह ठेवलंय. अ‍ॅक्सिसचं अजून ठरत नाही. ‘रोख’ मुलींना चटकन कळला, पण परीक्षेत अक्षच विचारतात. डॉक्टर, आणखी एक. आज एका तरुणाच्या पट्टीत लीड वन पूर्ण उलटी आहे, पीसकट. एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताची लीड, वर आलीय. हा राइट अ‍ॅक्सिस का?

जुना फिजिशियन
छातीवरच्या सहा लीड बघा. पहिल्या, व्ही वनपासून पुढे आर, म्हणजे क्यूआरएसचं वरचं टोक, नेहमीसारखा वाढत गेला असेल तर हृदयाला दोष देण्याआधी हातांच्या क्लिपा बघा. डावी-उजवी अदलाबदल झाली की असंच दिसतं. हृदय खरोखर उजव्या बाजूला असेल तर छातीच्या लीडमध्येही आर वाढायच्या ऐवजी खुजा होत जातो.

मलप्रभाकाठ
छातीच्या ठीक आहेत. परत काढायला लावते.

सेल्स बॅग
लाल उजव्या हाताला आणि पिवळी डाव्या. आमच्याकडच्या मशीनला तरी तसंच.

टाकदौत
‘क्लिपा’? क्लिपचं अनेकवचन क्लिपच. आणि तो शब्द आहेच मुळात ‘चिमटा’.