मदत हवी आहे: संमतीने घटस्फोट, सहा महिने माफ होतात का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत आईकडे राहते. नवरा पुण्यात. मार्च २०२४ पासून वेगळे आहोत, भांडण आता उरलेलं नाही. मूलबाळ नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली इथल्या कुटुंब न्यायालयात दोघांचा अर्ज टाकतोय.

वर्षभर वेगळं राहण्याची अट पूर्ण झाली. पण अर्ज दाखल केल्यापासून सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर व्हायचं. तोवर त्याला परदेशी नोकरीवर रुजू व्हायचंय. वकीलसाहेब म्हणतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालामुळे पहिल्या जबाबानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. मात्र दीड वर्षाचा दुरावा, फसलेली समजूत आणि देण्याघेण्याचा पूर्ण निकाल दिसला पाहिजे. तरी शेवटी न्यायाधीशांची मर्जी.

माझी गाडी पुराव्यावर अडलीये. लग्नाची नोंदणीच केली नाही! पत्रिका आणि सप्तपदीचा फोटो आहे, त्यात गुरुजींची नुसती पाठ. त्याचा पुण्याचा भाडेकरार २०२४ च्या जूनपासूनचा, म्हणजे आधीचे तीन महिने कोरे. माझ्या आधारवर अजून माहेरचंच नाव.

समझोत्यात दागिन्यांची यादी वजनासकट लिहिली आहे. ठरलेल्या रकमेचा अर्धा डीडी पहिल्या जबाबाला, उरलेला दुसऱ्या वेळी. प्रतिज्ञापत्रं दोघांची वेगवेगळी.

इंदुरात कुणाला माफी मिळाली आहे का? नोंदणी आधी करून घ्यावी, की पत्रिका-फोटोवर भागतं? दुसऱ्या जबाबाला व्हिडिओवरून हजेरी चालली का?