अनुभव धागा: ओट्याखालच्या कपाटांचे पाय आणि उताराची फरशी

गोकर्ण:
आज ओट्याखालची स्कर्टिंगची पट्टी काढली. कारण साधंच, चमचा आत गेला होता. वाकून बघते तर सिंकशेजारच्या कपाटाचा मागचा पाय फरशीला टेकलेलाच नाही! बोटाने फिरवला तर भिंगरीसारखा फिरला. वरून सगळं सरळ दिसतं, दारं नीट लागतात, आणि खाली एक पाय अधांतरी.

एकदम जुन्या घरचा ओटा आठवला. तिथे सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून दगडाला बारीक चीर गेली होती. आम्ही सगळे दगडालाच नावं ठेवत होतो, खाली वाकून कोणी पाहिलं नाही. आज वाटलं, तेव्हाही असंच असेल का? तुमच्याकडे कुणी हे पाय, स्कर्टिंग, वाकडी फरशी यांच्याशी झुंजलंय का? लिहा.

रानजाई:
आमचा खालचा ड्रॉवर आपोआप उघडायचा. दोन वेळा चॅनल बदलले. शेवटी पुढचे दोन पाय थोडे उंच केले आणि थांबलं. एवढंच. कुकर लावलाय, नंतर येते.

करवतकाठी:
गोकर्णताई, हे फार घरांत असतं. मी वीस वर्षं किचनची कपाटं बसवतोय. कपाटं एकमेकांना स्क्रूने आवळली आणि वर दगड टाकला की एखादा पाय लटकला तरी वरून कळत नाही, कारण शेजारची कपाटं त्याला धरून ठेवतात. ओळखायची खूण तुम्हाला सापडलीच आहे. ज्या पायावर भार आहे तो दोन बोटांनी सहज फिरत नाही. जो फिरतो, तो रिकामा.

चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच होते. मीही उमेदवारीत ती केली होती. ती फरशी सिंकच्या टोकाला खोल आणि दुसऱ्या कोपऱ्यात उंच होती. मी सिंककडून सुरुवात केली, पाय 105 मिमीवर ठेवला आणि लेव्हल धरत कोपऱ्याकडे गेलो. फरशीत 22 मिमीचा फरक होता, म्हणजे कोपऱ्यात पाय 83 मिमीचा हवा. तो पाय पूर्ण आत फिरवला तरी 95 च्या खाली जात नव्हता. सगळी कपाटं सोडवून 12 मिमी वर घ्यावी लागली.

आता आधी भिंतीवर साधारण मीटरभर उंचीला लेव्हलची रेघ मारतो. लेझर असेल तर लेझर, नाहीतर पाण्याची नळी. मग रेघेपासून खाली फरशीपर्यंत मापं घेतो. त्या घरात ती अशी आली असती: कोपऱ्यात 988, पुढे 994, 1003 आणि सिंकपाशी 1010. जिथे माप सगळ्यात कमी, तिथे फरशी सगळ्यात उंच. काम तिथूनच सुरू करायचं, पाय जवळपास पूर्ण आत घेऊन, समजा 97 वर. मग पुढचे आपोआप ठरतात: 103, 112, 119. पाय फक्त बाहेर काढत जायचे, कुठेच अडत नाही.

तांबूसपट:
एवढी मोजामोजी कशाला? पाय कमी पडला की खाली प्लायचा तुकडा सरकवायचा. आमच्याकडे तीन वर्षं काही झालं नाही.

करवतकाठी:
दादा, तुकडा घालण्यात चूक नाही, तो प्लायचा नको. पोछ्याचं पाणी पायाच्या तळाशी साचतं आणि प्लाय ते पितो. आधी फुगतो, मग दबतो आणि पाय पुन्हा रिकामा होतो. कडक प्लास्टिकची चकती किंवा फरशीचा तुकडा घाला, पण पायाच्या पूर्ण तळव्याखाली येईल एवढा.

आणि वरच्या हिशेबात 119 आला ना, तिथेही सावध. तो पाय 120 पर्यंतच जातो. शेवटाला आट्यांची पकड थोडीच उरते आणि पाय डुलतो. फरक इतका असेल तर मी सरळ 150 चे पाय घेतो.

मोगरा२२:
आमचं वॉशिंग मशीन स्पिनला चालत पुढे येतं, त्याचेही पाय असेच फिरवायचे का? कुठल्या बाजूला?

रानजाई:
मोगरा, मशीनच्या पायाला वर एक नट असतो, तो आधी सैल कर. पाय टेकला की नट पुन्हा घट्ट आवळ, नाहीतर धक्क्यांनी पाय परत फिरतो. बाजू फिरवून बघ, कळेल. (वेगळा धागा काढ गं, मलाही हवाय.)

नदीकाठ:
भिंतीवरची रेघ फक्त मागच्या पायांचं सांगते. आमच्या फरशीला पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतार दिला होता, भिंतीकडून पुढे. मागचं सगळं जुळलं आणि पुढचे पाय 8 मिमी कमी पडले. त्यामुळे रेघेला सरळ फळी टेकवून, वर पाणसळ ठेवून, पुढच्या पायांच्या जागीही मापं घ्या. पाणसळही आधी तपासा: एकदा ठेवून बुडबुडा बघा, मग तीच उलट टोकाने फिरवून त्याच जागी ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी आला तर ती खरी.

शेवंती:
माझी अडचण पायांची नाही, पट्टीची. एका टोकाला फट शून्य आणि दुसऱ्या टोकाला बोट जातं. झुरळांचा राजमार्ग! सिलिकॉन भरलं तर आज चमचा गेला तसं काही गेलं की काढणार कसं?

नदीकाठ:
पट्टी सरळ कापली की असंच होतं. तिची उंची सगळ्यात मोठ्या फटीला पुरेल एवढी घ्या. पट्टी फरशीवर उभी करा, वरची कड लेव्हलला येईल अशी पाचर देऊन. मग कंपास पट्टीखाली उरलेल्या सगळ्यात मोठ्या फटीएवढा उघडायचा, टोक फरशीवर घासत न्यायचं आणि पेन्सिल पट्टीवर. फरशीचा चढउतार जसाच्या तसा पट्टीवर उतरतो. त्या रेघेवर कापलं की पट्टी फरशीला चिकटून बसते. मागे क्लिपा असतात, त्या पायाच्या दांड्यावर अडकतात, ओढली की निघते.

तांबूसपट:
पट्टी घट्ट बसवली की तिच्यावरही थोडा भार येतो ना? आधार होतो कपाटांना.

करवतकाठी:
नाही हो. पट्टी झाकायला असते. तिच्यावर भार आला तर समजा पाय रिकामे झालेत. प्लायची असेल तर खालची कापलेली कड सील करा, तिथूनच पाणी चढतं.

सिलिकॉनबद्दल मात्र माझं मन अजून ठरलेलं नाही. सील केली तर पोछ्याचं पाणी आत जात नाही, पण सिंकखालचा पाइप गळला तर बाहेर दिसायला वेळ लागतो. मी सिंकपुढची पट्टी मोकळीच ठेवतो.

शेवंती:
हे पटलं. आमच्याकडे गळती कळेपर्यंत कपाटाचा तळ फुगला होता.

गोकर्ण:
करवतकाठीदादा, मग तो पाय आता मी फिरवू का? वर दगड आहे, भीती वाटते.

करवतकाठी:
फिरवा, पण कपाट रिकामं करून. पाय हाताने बाहेर काढत फरशीला टेकवा, टेकला की पाव फेरा आणखी. तिथे थांबा. दगड उचलायचा नाहीये, आधार द्यायचाय. जास्त फिरवला तर शेजारचा पाय सुटतो आणि दगडाला खालून ढुसणी बसते. सिंकच्या कापापाशी दगडाची पट्टी अरुंद असते, चीर तिथूनच सुरू होते. नंतर शेजारचे दोन पाय बोटांनी फिरवून बघा.

मोगरा२२:
नट सापडला!! गंजलाय.

गोकर्ण:
पाय टेकला, पाव फेरा दिला. शेजारचा पुढचा घट्ट आहे. पण कोपऱ्यातला मागचाही फिरतोय, आणि तिथे हात पोचत नाही. कपाटाच्या तळाला आतून एक भोक दिसतंय, झाकण लावलेलं.

करवतकाठी:
मग सोपं आहे. झाकण काढा, खाली स्क्रूड्रायव्हरची खाच दिसली तर पाय वरूनच फिरतो. हळूहळू, आणि एक हात पट्टीच्या बाजूने पायाजवळ नेता आला तर बघा.

गोकर्ण:
खाच आहे. चमचाही तिथेच मिळाला.