भाचीला ‘अनेक आशीर्वाद’ लिहायचे की नमस्कार?

निंबाचीसावली: बहिणीला मुलगी झाली. बारसं चाळीसगावला आहे, नाव आत्याच्या पोटात, अजून कुणाला सांगत नाही. बहीण म्हणाली, कार्डात असं काही लिही की ती मोठी झाल्यावर वाचेल. मी लिहिलं: ‘चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद. तू आज बारा दिवसांची आहेस.’ आईने वाचून कार्ड परत केलं. म्हणे, ‘मामा भाचीले आशीर्वाद देस का? मामा त तिना पाया पडस!’ आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो हे खरं, पण मग पत्रात काय लिहायचं? पाया पडतो असं लिहू?

केळीचंपान: मुलगी आहे ना? मग ‘चि. सौ. कां.’ लिहा. लग्नपत्रिकेत असतं तसंच.

जुनीपाटी: सौभाग्यकांक्षिणी लग्न ठरलेल्या मुलीला लिहितात. बारा दिवसांच्या पोरीला कसली सौभाग्याची कांक्षा! नुसतं ‘चि.’ पुरे.

केळीचंपान: चिरंजीव पुल्लिंगी आहे. मुलाला चि., मुलीला कु.

जुनीपाटी: ‘चिरं जीव’ म्हणजे खूप काळ जग. ही आज्ञा आहे, तिला लिंग नसतं. नाम म्हणून ‘माझे चिरंजीव’ म्हणतो तेव्हा मुलगा, इतकंच. शिवाय नाव ठरलेलं नाही, मग ‘कु.’ कशापुढे लावणार?

मूळ अडचण मात्र खरी आहे. जुन्या मायन्यांत वडीलधाऱ्याने धाकट्याला ‘अनेक आशीर्वाद’, धाकट्याने मोठ्याला ‘साष्टांग नमस्कार’, बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार’. म्हणजे वय आणि मान एकाच दिशेला जातात हे धरलेलं. तुमच्याकडे वय मामाचं मोठं आणि मान भाचीचा. या जोडीला तयार मायना नाही. मी असतो तर ‘चि.’ ठेवलं असतं, कारण ते वयाचं, आणि आशीर्वाद काढून लिहिलं असतं: ‘चि. भाचीबाईंस मामाचा नमस्कार.’ ‘बाईंस’मध्ये मान आला, पाय लिहायची गरज नाही.

तापीपल्याड: आमच्याकडे (यावल) पाया पडतात, पण आशीर्वादही देतात. जावळ मामाच्याच मांडीवर काढतात. तेव्हा आमचे मामा माझ्या पाया पडून वर डोक्यावर हात ठेवायचे. दोन्ही चालतं. तुमच्या आईंना सांगा.

निंबाचीसावली: आईला कोण सांगणार?

पुणेकर_मूळशिरपूर: शुद्ध मराठीत कशाला? अहिराणीत लिहा: ‘तुना मामाकडथून.’ माय-मावशीची बोली तिला मिळू दे. बहिणाबाईंनी लिहिलं म्हणूनच अहिराणी टिकली.

जुनीपाटी: बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. आणि त्या लिहीत नव्हत्या, म्हणत होत्या. उतरवून इतरांनी घेतलं.

तापीपल्याड: हे दर वेळी सांगावं लागतं. सगळं खान्देश म्हणजे अहिराणी नव्हे!

पुणेकर_मूळशिरपूर: मुद्दा बोलीचा आहे. ‘तुले’, ‘माले’, ‘शे’ हे पुढच्या पिढीला कुठे वाचायला मिळणार?

जुनीपाटी: मुलगी कुठे वाढणार त्यावर आहे. अहिराणी बहुतेकांनी कानाने शिकलेली. वाचताना ‘शे’ पाहून शंभर की आहे, हे क्षणभर कळत नाही. एखादं वाक्य अहिराणीत घाला, सगळं पत्र नको. ज्याला ‘तुना मामा’ एवढं कळलं, त्याला बाकी घरचे वाचून दाखवतील.

केळीचंपान: ‘तू आज बारा दिवसांची आहेस’ हेही चूक. ती वाचेल तेव्हा वीस वर्षांची असेल. ‘होतीस’ लिहा.

जुनीपाटी: वर गाव आणि तारीख घातली की ‘आज’ त्या तारखेचा होतो. पत्र असंच चालतं. ‘होतीस’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल मामा नंतर आठवून लिहितोय. उलट ‘आहेस’ने ती त्या पाळण्यापाशी उभी राहते. पण ‘तू मोठी झालीस’ लिहू नका. ते अजून व्हायचंय, तिथे ‘झालेली असशील’.

निंबाचीसावली: म्हणजे ‘चाळीसगाव’, तारीख, मग ‘चि. भाचीबाईंस मामाचा नमस्कार. तू आज बारा दिवसांची आहेस. हे वाचशील तेव्हा मोठी झालेली असशील.’ शेवटी ‘तुना मामा’. चालेल?

केळीचंपान: नमस्कार नको. मोठ्याने लहानाला नमस्कार केला तर लहानाचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

तापीपल्याड: मग आमच्या गावात एकही भाची जगली नसती.

पुणेकर_मूळशिरपूर: बरं, हा ‘मायना’ शब्द ‘माय’वरून आला ना? पत्राची आई?

जुनीपाटी: अरबी ‘मअना’, म्हणजे अर्थ.

पुणेकर_मूळशिरपूर: माय नाही पटत? आमच्याकडे ‘पत्रानी माय’ म्हणायच्या आजी.

तापीपल्याड: कुठल्या आजी? शिरपूरच्या का? माझ्या सासूबाई शिरपूरच्याच, त्यांना विचारते.