मदत हवी आहे: अडीच महिने बाहेर, शेजारच्या काकूंकडे चावी ठेवू का?

पुण्यात ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. मुदत मार्चपर्यंत आहे. आईच्या ऑपरेशनसाठी अडीच महिने गावी चाललोय. भाडं-मेंटेनन्स ऑनलाइन जाईल, गॅस आणि पाण्याचा कॉक बंद करणार. तरी मागच्या पावसात बाथरूमच्या छतातून गळालं होतं, म्हणून जास्तीची चावी समोरच्या काकूंकडे ठेवायची आहे. त्या फक्त पंधरवड्याने बघून जातील, राहणार कोणी नाही.

करारात 'ताबा त्रयस्थाला देऊ नये' असं कलम आहे. मालक नाशिकला असतात, त्यांच्याकडे चावी नाही. व्हॉट्सॲपवर तारखा आणि चावीचं दोन्ही कळवलं, उत्तर नुसतं 'ठीक आहे, काळजी घ्या'. ते चावीलाही होकार धरावं, की काकूंचं नाव आणि 'फक्त देखरेखीसाठी' असं लिहून ईमेलवर वेगळी परवानगी घ्यावी?